क्षयरोगाचा बहुऔषधी उपचार

क्षयरोगाचा बहुऔषधी उपचार म्हणजे क्षयरोगाच्या जिवाणूंविरुद्ध एकाच वेळी अनेक औषधे, ठरावीक प्रदीर्घ काळ देण्याची उपचारपद्धती होय. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगासाठी भारतात पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे दिली जातात. न्यूमोनियासारख्या अनेक जिवाणुजन्य आजारांत एक प्रतिजैविक आठवडाभर पुरते. क्षयरोगात मात्र औषधेही अनेक लागतात आणि काळही मोठा लागतो. या दोन गोष्टी नेहमी एका दमात सांगितल्या जात असल्या, तरी त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. अनेक औषधे लागतात ती जिवाणूंच्या मोठ्या लोकसंख्येत आधीपासून असणाऱ्या प्रतिरोधी उत्परिवर्ती जंतूंमुळे, तर सहा महिने लागतात ते औषधांना संवेदनशील असूनही मंदावलेल्या अवस्थेत टिकून राहणाऱ्या जंतूंमुळे.

## जंतूंची लोकसंख्या

क्षयरोगाचा जिवाणू अत्यंत सावकाश वाढतो. आतड्यातील सामान्य जिवाणू अनुकूल स्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात. क्षयजंतूला त्यासाठी सुमारे २० तास लागतात. असे असूनही, निदान होईपर्यंत रुग्णाच्या शरीरातील त्यांची संख्या प्रचंड झालेली असू शकते. फुप्फुसातील ऊती मृत होऊन पनीरासारखी मऊ होते, ती श्वासनलिकेत रिकामी झाली की तेथे पोकळी उरते. या पोकळीच्या भिंतीला भरपूर प्राणवायू मिळतो आणि तेथे जंतू वेगाने वाढतात. अशा एका पोकळीत १ कोटीपासून १०० कोटींपर्यंत जंतू असू शकतात. श्वासनलिकेशी न जोडलेल्या बंद गाठीत मात्र ते फार थोडे, शेकड्यांत किंवा हजारांत असतात.

क्षयरोगाच्या उपचाराचे गणित या संख्येवर उभे आहे. ज्यांच्या शरीरात क्षयजंतू सुप्तावस्थेत आहेत पण आजार झालेला नाही, अशा व्यक्तींना प्रतिबंधक म्हणून एकटे आयसोनियाझिड सहा महिने दिले तरी चालते, कारण तेथे जंतूंची संख्या अल्प असते. तेच एकटे औषध पोकळी असलेल्या रुग्णाला दिले, तर काही आठवड्यांत निकामी ठरू शकते. म्हणूनच प्रतिबंधक उपचार सुरू करण्यापूर्वी सक्रिय क्षयरोग नसल्याची खात्री करणे अनिवार्य मानले जाते.

## प्रतिरोधी उत्परिवर्ती जंतू

प्रत्येक विभाजनाच्या वेळी जिवाणू आपल्या डीएनएची प्रत काढतो आणि या नकलेत क्वचित चूक होते. बहुतेक चुका निरुपद्रवी किंवा जंतूलाच घातक असतात. एखादी चूक मात्र नेमकी अशा जागी होते की एखादे औषध त्या जंतूवर चालेनासे होते. रिफाम्पिसिन जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेज या विकराला चिकटून त्याचे काम थांबवते. त्या विकराच्या जनुकातील एका लहानशा भागात बदल झाला की औषधाला चिकटण्याची जागा उरत नाही. आयसोनियाझिड जंतूच्या आत गेल्यावर जंतूच्याच एका विकरामुळे कार्यक्षम बनते आणि पेशीभित्तिकेची जडणघडण बिघडवते. तो विकर बिघडलेल्या जंतूत औषध शिरले तरी निष्क्रियच राहते.

हे बदल औषधामुळे घडत नाहीत, ही येथील मध्यवर्ती बाब आहे. साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्र्युक यांनी १९४३ मध्ये आतड्यातील जिवाणूंवर केलेल्या प्रयोगातून असे दाखवले की प्रतिरोधी उत्परिवर्तने मारक घटकाशी संपर्क येण्यापूर्वीच, योगायोगाने झालेली असतात. मारक घटक त्यांची केवळ निवड करतो. क्षयजंतूंनाही हेच लागू पडते. ‘औषधाची जंतूंना सवय होते’ हा बोलण्यातला प्रयोग त्यामुळे दिशाभूल करणारा आहे. एकाही जंतूला सवय होत नाही. संवेदनशील जंतू मरतात आणि आधीच वेगळे असलेले जंतू मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात.

प्रयोगशाळेतील मोजमापांनुसार, कधीही औषध न मिळालेल्या क्षयजंतूंत आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू सुमारे १० लाखांत एक आढळतो आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारा सुमारे १० कोटींत एक. पोकळीत १० कोटी जंतू आहेत असे धरल्यास, उपचाराच्या पहिल्या दिवशीच त्यांत आयसोनियाझिडरोधी जंतू सुमारे १०० आणि रिफाम्पिसिनरोधी सुमारे एक असतो. एकटे आयसोनियाझिड दिल्यास ते १०० जंतू बिनविरोध वाढू लागतील. त्यांची संख्या पुन्हा १० कोटी होण्यास २० वेळा दुप्पट व्हावे लागते, म्हणजे सर्वांत अनुकूल स्थितीत साडेसोळा दिवस. शरीरात हा काळ अधिक असतो, पण तो आठवड्यांतच मोजावा लागतो.

दोन्ही औषधे एकत्र दिल्यास चित्र पालटते. दोन बदल वेगवेगळ्या जनुकांत, एकमेकांशी संबंध नसताना घडतात, म्हणून त्यांच्या संभाव्यतांचा गुणाकार होतो. दोन्ही औषधांना दाद न देणारा जंतू १० लाख गुणिले १० कोटी, म्हणजे शंभर लाख कोटींत एक असा ठरतो. १० कोटींच्या लोकसंख्येत असा जंतू असण्याची शक्यता सुमारे १० लाखांत एक. आयसोनियाझिडमधून सुटलेल्या १०० जंतूंना रिफाम्पिसिन मारते आणि रिफाम्पिसिनमधून सुटलेल्या एका जंतूला आयसोनियाझिड.

या गुणाकाराला मर्यादा आहेत. दोन औषधांचे लक्ष्य एकच असेल, तर एकच बदल दोघांनाही निकामी करतो. रिफाम्पिसिन व रिफापेंटिन ही एकाच कुळातील औषधे एकत्र देण्याने काहीच साधत नाही. तसेच दोन्ही औषधे एकाच वेळी, एकाच जागी प्रभावी असावी लागतात. पायराझिनामाइड प्रामुख्याने आम्लयुक्त परिसरातच काम करते, त्यामुळे इतरत्र असलेल्या जंतूंमधील प्रतिरोध रोखण्यास ते फारसे उपयोगी नाही. इथॅम्ब्युटॉलचे उलट आहे. ते तुलनेने दुबळे औषध असून रोग बरा करण्यात त्याचा वाटा लहान आहे. त्याची नेमणूक पहारेकऱ्याची आहे: रुग्णाला आधीच आयसोनियाझिडरोधी जंतूंची लागण झालेली असल्यास रिफाम्पिसिन एकटे पडू नये, एवढ्यासाठी ते दिले जाते. भारतात हा धोका काल्पनिक नाही. २०१४ ते २०१६ या काळात झालेल्या राष्ट्रीय औषधरोध सर्वेक्षणात, पूर्वी उपचार न घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांमध्ये आयसोनियाझिडरोधी जंतू आढळले. भारतीय उपचारक्रमात इथॅम्ब्युटॉल शेवटच्या चार महिन्यांतही चालू ठेवतात, त्याचे कारण हे होय.

## एकाच औषधाचा अनुभव

वरील गणित समजण्यापूर्वीच त्याचा प्रत्यय रुग्णशय्येवर आला होता. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरील पहिले प्रभावी प्रतिजैविक. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची चाचणी घेऊन १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५५ रुग्णांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, तर ५२ रुग्णांना केवळ विश्रांती देण्यात आली होती. सहा महिन्यांअखेर पहिल्या गटात ४ आणि दुसऱ्या गटात १४ मृत्यू झाले. औषध निःसंशय गुणकारी होते. परंतु स्ट्रेप्टोमायसिन घेतलेल्या ज्या ४१ रुग्णांचे जंतू तपासता आले, त्यांपैकी ३५ जणांत ते औषधरोधी झालेले आढळले. अनेक रुग्ण पहिल्या काही आठवड्यांत सुधारले आणि नंतर खालावले. पाच वर्षांनंतर दोन गटांतील मृत्यूंमध्ये फारसे अंतर उरले नाही.

त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिनला पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्लाची जोड दिल्यावर प्रतिरोधाचे प्रमाण झपाट्याने घटले. हे दुसरे औषध स्वतः बरेच दुबळे होते, तरी जोडीला असल्यामुळे उपयोगी पडले.

## सहा महिने का

औषधरोध रोखणे एवढाच प्रश्न असता, तर तीनचार औषधे महिनाभर देऊन भागले असते, कारण बहुतेक जंतू पहिल्या काही दिवसांतच मरतात. नैरोबी येथे झालेल्या आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या बेडक्यातील जिवंत जंतू रोज मोजण्यात आले. आयसोनियाझिड दिल्यावर पहिल्या दोन दिवसांत त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीसे झाले. त्यानंतर मात्र घट एकदम मंदावली. आलेखावर ही रेषा आधी कड्यासारखी कोसळते आणि मग लांबच लांब उतार बनते.

या उताराचे स्पष्टीकरण ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डेनिस मिचिसन यांनी मांडले. त्यांच्या गृहीतकानुसार शरीरातील जंतू एकजिनसी नसतात. पोकळीच्या भिंतीत वेगाने विभाजित होणारे जंतू आयसोनियाझिड मारते, कारण ते नव्या पेशीभित्तिकेच्या बांधणीवरच घाव घालते. जो जंतू भिंत बांधतच नाही, त्याला त्याची झळ पोहोचत नाही. दाह झालेल्या आम्लयुक्त परिसरात वाढ रोखलेल्या स्थितीत असलेले जंतू पायराझिनामाइडच्या वाट्याला येतात. काही जंतू बहुतांश काळ निद्रिस्त राहून मधूनच थोडा वेळ जागे होतात. अशा अल्प जागृतीतही त्यांना गाठू शकणारे औषध म्हणजे रिफाम्पिसिन. पूर्णतः निद्रिस्त जंतूंवर यांपैकी कोणतेही औषध चालत नाही. ते जागे होण्याची वाट पाहावी लागते किंवा ते शरीराच्या प्रतिकारशक्तीवर सोपवावे लागतात. ही विभागणी जंतूंच्या जातींची नाही. एकच जंतू आज वेगाने वाढणारा तर महिन्याने निद्रिस्त असू शकतो, आणि त्याच्या जनुकांत कोणताही बदल झालेला नसतो. प्रतिरोधी जंतू आणि हे टिकून राहणारे जंतू यांत भेद करावा लागतो तो यासाठीच.

दीर्घ उतार लवकर संपवण्याची क्षमता रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड या दोन औषधांत आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी पूर्व आफ्रिकेत झालेल्या चाचणीत केवळ स्ट्रेप्टोमायसिन व आयसोनियाझिड सहा महिने घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांत रोग उलटला. त्यात रिफाम्पिसिनची भर घातल्यावर हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आले. त्याआधी उपचाराचा काळ दीड ते दोन वर्षांचा असे. म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने सहा महिने हा ‘लघुकालीन’ उपचार आहे, आणि वैद्यकीय वाङ्मयात त्याला बराच काळ त्याच नावाने ओळखले गेले.

## एक काल्पनिक उदाहरण

वरील दोन्ही प्रक्रिया एकाच रुग्णात कशा चालतात, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक रुग्ण विचारात घेता येईल. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील, वैनगंगेवरील धरणामुळे परिचित असलेल्या गोसीखुर्द येथील ४२ किलो वजनाच्या एका शेतमजुरास मे महिन्याच्या प्रारंभी क्षयरोगाचे निदान होते. त्याच्या फुप्फुसात एक पोकळी असून तीत १० कोटी जंतू आहेत, असे मानू.

राष्ट्रीय कार्यक्रमात चारही औषधे एकाच गोळीत एकत्र असतात आणि गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलो वजनाच्या प्रौढास रोज ३ गोळ्या मिळतात, म्हणजे आयसोनियाझिड २२५, रिफाम्पिसिन ४५०, पायराझिनामाइड १२०० आणि इथॅम्ब्युटॉल ८२५ मिलिग्रॅम. एका गोळीत सारी औषधे असण्याचा लाभ असा की रुग्ण त्यांतले एकच निवडून घेऊ शकत नाही. पहिल्या टप्प्यात ५६ आणि दुसऱ्या टप्प्यात ११२ मात्रा असतात.

पहिल्या दोन दिवसांत ९५ टक्के जंतू मेले, तर ५० लाख उरतात. पुढे मंद उतारावर दर तीन आठवड्यांनी जंतू दहापट घटतात असे सोपेपणासाठी मानल्यास, जून संपताना, म्हणजे ५६ मात्रा पूर्ण होण्याच्या सुमारास, १० हजारांच्या आसपास जंतू जिवंत राहतात. या वेळेपर्यंत ताप कधीच गेलेला असतो, खोकला थांबलेला असतो, वजन वाढलेले असते. बेडक्याची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीही बहुधा निर्दोष येते, पण तिची नजर अधू आहे: एक मिलिलीटर बेडक्यात सुमारे ५ ते १० हजार जंतू असल्याखेरीज ते दिसतच नाहीत. फुप्फुसात इतस्ततः विखुरलेले १० हजार जंतू तिच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

जुलैत धानाची रोवणी सुरू होते. मजुरीचे हेच दिवस असतात आणि रुग्णाला आपण बरे झालो आहोत असे वाटण्यास सबळ कारण असते. येथे त्याने गोळ्या सोडल्या, तर उरलेले १० हजार जंतू हळूहळू पुन्हा वाढू लागतात. रोगप्रतिकारशक्ती त्यांना काही काळ आवरून धरते. अनेकदा ती जिंकतेही, आणि म्हणूनच मध्येच औषध सोडलेले काही रुग्ण खरोखरच बरे होतात. जे होत नाहीत त्यांचा खोकला बहुधा पुढच्या काही महिन्यांत परततो. वरील गृहीतानुसार जिवंत जंतूंची संख्या एकाहून कमी होण्यास सुमारे २० आठवडे लागतात. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. मधले सहा आठवडे ही ज्यांचा उतार अधिक लांब आहे अशा रुग्णांसाठी ठेवलेली सवड होय. नियमित उपचार घेतला, तर धानकापणीच्या हंगामात, ऑक्टोबरअखेर, त्याच्या गोळ्या संपतात.

रोग उलटला तर परतणारे जंतू कोणते असतील? १० हजार जंतूंत आयसोनियाझिडरोधी जंतू असण्याची शक्यता शंभरात एक. म्हणून एकदाच खंड पडून उलटलेल्या रोगातील जंतू बहुधा जुन्या औषधांना दाद देणारेच असतात. धोका पुढच्या पायरीवर सुरू होतो. वाढून पुन्हा १० कोटी झालेल्या लोकसंख्येत नवी उत्परिवर्तने झालेली असतात आणि तीत पुन्हा सुमारे १०० आयसोनियाझिडरोधी जंतू असतात. अशा वेळी रुग्णाने बरे वाटेपर्यंत गोळ्या घेतल्या, सोडल्या, पुन्हा घेतल्या, तर प्रत्येक फेरीत संवेदनशील जंतू अधिक मरतात आणि खंडाच्या काळात सगळेच वाढतात. अनेक औषधे एकत्र असूनही प्रतिरोधी जंतूंचा वाटा फेरीगणिक वाढत जातो. सलग सहा महिन्यांऐवजी तुकड्यातुकड्यांत घेतलेले सहा महिने निराळे ठरतात ते या कारणाने.

## एकेक औषधाची भर: मुंबईतील रुग्ण

बहुऔषधी उपचार कागदावर असूनही प्रत्यक्षात एकऔषधी कसा बनतो, याचे महाराष्ट्रातील सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण मुंबईचे आहे. माहीम येथील हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस एका वैद्यकीय नियतकालिकात चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. या रुग्णांचे जंतू तपासलेल्या पहिल्या व दुसऱ्या फळीतील सर्व औषधांना दाद देत नव्हते. लेखकांनी यासाठी ‘सर्व औषधांना रोधी क्षयरोग’ अशी संज्ञा वापरली. केंद्र सरकारने ती अमान्य केली आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ती स्वीकारलेली नाही, कारण दुसऱ्या फळीतील अनेक औषधांच्या प्रयोगशाळा-चाचण्या तेवढ्या विश्वसनीय नाहीत. संज्ञेवरचा वाद रास्त होता, पण त्यात नोंदीतील सर्वांत बोधप्रद तपशील मागे पडला. चारपैकी तीन रुग्णांना दुसऱ्या फळीतील औषधे अनियमितपणे, एकेक करून आणि पुष्कळदा चुकीच्या मात्रेत मिळालेली होती. १८ महिन्यांच्या काळात त्यांनी सरासरी चार डॉक्टर पाहिले होते.

‘एकेक करून’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. रुग्ण आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन या दोन्हींना रोधी झाला आहे, पण ते ठाऊक नाही. खोकला कमी होत नाही म्हणून चालू गोळ्यांत एक नवे औषध वाढवले जाते. चिठ्ठीवर आता पाच औषधे दिसतात. जंतूंच्या दृष्टीने त्यांतले एखाददुसरेच जिवंत आहे. नव्या औषधाला रोधी असलेले मूठभर जंतू निवडले जातात. रुग्ण काही आठवडे सुधारतो, मग खालावतो. पुढचा डॉक्टर पुन्हा एक औषध वाढवतो. संभाव्यतांचा जो गुणाकार जंतूंना अडवत होता, तो अशा रीतीने तोडून एकेका सोप्या पायरीत मांडला जातो, आणि १९४८ ची चाचणी एकाच रुग्णात पुनःपुन्हा घडते. म्हणूनच फसत चाललेल्या उपचारात एकटे नवे औषध कधीही वाढवू नये, हा क्षयरोगचिकित्सेतील जुना नियम आहे. बदल करायचा तर जंतू ज्यांना दाद देतात अशी अनेक औषधे एकाच वेळी सुरू करावी लागतात.

या रुग्णांची पार्श्वभूमीही नोंदलेली आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुंबईतील १०० खासगी डॉक्टरांनी क्षयरोगासाठी ८० वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या होत्या. २०१० मध्ये उदवाडिया व मुकुंद उपळेकर यांचा सहभाग असलेल्या तशाच पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३ योजना लिहिल्या आणि केवळ ६ जणांना योग्य योजना लिहिता आली. मे २०१२ मध्ये केंद्र सरकारने क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे खासगी डॉक्टरांसह सर्वांना बंधनकारक केले.

## प्रतिरोध ओळखणे

किमान रिफाम्पिसिन व आयसोनियाझिड या दोन्हींना रोधी असलेल्या क्षयरोगास बहुऔषधरोधी क्षयरोग म्हणतात. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात त्याचे प्रमाण नव्या रुग्णांत २.८४ टक्के, तर पूर्वी उपचार घेतलेल्यांत ११.६० टक्के आढळले. दोहोंतील चौपट अंतर निवडीच्या प्रक्रियेचीच साक्ष देते.

पूर्वी प्रतिरोध ओळखण्यासाठी जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यांवर औषध घालून पाहावे लागे. क्षयजंतूच्या मंद वाढीमुळे त्यास कित्येक आठवडे लागत आणि तोपर्यंत रुग्ण अंदाजाने ठरवलेल्या गोळ्या घेत राही. आता सीबीनॅट किंवा गोव्यातील मोलबायो कंपनीने विकसित केलेली ट्रूनॅट ही यंत्रे जंतूचा डीएनए थेट वाचून रिफाम्पिसिनरोधाचे निदान काही तासांत करतात. हे शक्य होते, कारण रिफाम्पिसिनरोध घडवणारे जवळजवळ सर्व बदल जनुकाच्या एका आखूड पट्ट्यातच असतात. मात्र ही यंत्रे बहुसंख्य जंतूंचाच कौल सांगतात. १० कोटींतला एक रोधी जंतू त्यांना दिसत नाही. शिवाय मृत जंतूंचा डीएनएही त्यांना सापडतो, त्यामुळे उपचाराने गुण येतो आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांचा उपयोग होत नाही. त्यासाठी ठरावीक टप्प्यांवर बेडक्याची सूक्ष्मदर्शकीय तपासणी आणि संवर्धन यांवरच भिस्त ठेवावी लागते. बेडक्यातील जंतू आधी घटून पुन्हा वाढू लागले, तर संवेदनशील जंतूंची जागा रोधी जंतू घेत असल्याची किंवा गोळ्या पोटात जात नसल्याची शंका घेतली जाते.

## काळ कमी करण्याचे प्रयत्न

सहा महिन्यांचा आकडा चाचण्यांतून ठरलेला आहे, निसर्गनियम नाही. फ्लुरोक्विनोलोन गटातील औषध घालून उपचार चार महिन्यांवर आणण्याचे तीन मोठे प्रयत्न झाले आणि त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्हींत रोग उलटण्याचे प्रमाण सहा महिन्यांच्या उपचारापेक्षा जास्त निघाले. बहुसंख्य रुग्ण चार महिन्यांतही बरे झाले होते. पण कोणता रुग्ण त्यांत मोडतो हे आधी ओळखता येत नाही, आणि म्हणून सर्वांनाच सहा महिने द्यावे लागतात. २०२१ मध्ये रिफापेंटिन व मॉक्सिफ्लॉक्सासिन असलेली चार महिन्यांची योजना मात्र सहा महिन्यांच्या उपचाराइतकीच परिणामकारक ठरली. रिफापेंटिन शरीरात रिफाम्पिसिनपेक्षा अधिक काळ टिकते.

मुलांच्या बाबतीत वेगळ्या मार्गाने तोच निष्कर्ष निघाला. सौम्य क्षयरोग असलेल्या बालकांवर युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका आणि भारतात पुणे व चेन्नई येथे झालेल्या चाचणीत, नेहमीचीच औषधे चार महिने दिल्यास ती सहा महिन्यांइतकीच पुरेशी ठरतात असे २०२२ मध्ये दिसून आले. अशा मुलांच्या फुप्फुसांत सहसा पोकळ्या नसतात आणि जंतूंची संख्या मोठ्यांच्या तुलनेत फारच थोडी असते.